गळालेली माणसे कोणत्या जिल्ह्याच्या खात्यात?

जानेवारी सरत आला की गडचिरोली आणि चंद्रपूरच्या कित्येक गावांतली कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. घराला कुलूप लागते, एखादी म्हातारी मागे राहते, लहान लेकरे आईबापांसोबत जातात. मार्चच्या मध्यात किंवा अखेरीला माणसे परततात. २०११च्या जनगणनेत माणसे मोजण्याचा काळ होता ९ ते २८ फेब्रुवारी. येत्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च २०२७ आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, ऐन मिरचीच्या हंगामात.

अशा कुटुंबाची नोंद कुठेच झाली नाही, तर ती कमतरता कोणत्या जिल्ह्याची धरायची? आपल्याकडच्या चर्चेत हा प्रश्न फारसा येत नाही. ‘आमच्या तालुक्याची लोकसंख्या कमी दाखवली’ ही तक्रार मात्र दर जनगणनेनंतर येते. ही तक्रार तपासण्याचे अधिकृत साधन एकच आहे, गणनोत्तर पाहणी. आपल्या देशात ती १९५१च्या जनगणनेपासून होते. ती काय मोजते आणि जिल्ह्याबद्दल किती बोलू शकते, हे कळल्यावर माझ्या मते तक्रारीचा रोखच बदलायला हवा. जिल्ह्याचा ‘दुरुस्त’ आकडा मागण्यात अर्थ नाही. मागायचे ते वेगळेच काही आहे.

पाहणीची कल्पना सोपी आहे. जनगणनेसाठी गावाचे आणि शहराचे गणना गट पाडलेले असतात. एका गटात साधारण सहाशे ते आठशे माणसे, एक प्रगणक, एक नजरी नकाशा आणि घरांची यादी. जनगणना संपून काही महिने झाल्यावर देशभरातून मोजके गट नमुना म्हणून निवडतात. त्या गटांत वेगळा माणूस जातो आणि जुनी यादी न पाहता घरे व माणसे नव्याने लिहितो. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकेका माणसाचा मेळ घालतात. ज्यांचा मेळ बसत नाही, त्यांच्या घरी पुन्हा जाऊन खात्री करतात.

आता एक काल्पनिक गट घेऊ, एट्टापल्ली किंवा सिरोंच्याकडचा, मुख्य गाव आणि त्याला लागून एक टोला. जनगणनेने इथे ६४० माणसे लिहिली. तपासात दिसले की त्यांतली १६ नावे तिथे असायला नको होती. कुणी दोनदा लिहिला गेला, कुणी १ मार्चपूर्वीच वारला होता, एखादे बाळ १ मार्चनंतर जन्मलेले होते. म्हणजे खरी नोंद ६२४ जणांची. पाहणीने ६३० माणसे लिहिली आणि त्यांतली ६०० जनगणनेच्या यादीत सापडली. पाहणीत असलेली पण जनगणनेत नसलेली ३० माणसे ही उघड गळती. उलट २४ माणसे जनगणनेत बरोबर नोंदलेली होती, पण पाहणीच्या माणसाला ती सापडली नाहीत. म्हणजे पाहणीही चुकतेच, आणि हे गृहीत धरूनच पुढचे गणित मांडलेले आहे.

पाहणीच्या ६३० माणसांपैकी जनगणनेने ६०० पकडली. हेच प्रमाण सगळ्या गटाला लागू आहे असे मानले, तर खरी संख्या येते:

६२४ × ६३० ÷ ६०० = ६५५.२

दोन्ही याद्यांत मिळून वेगवेगळी नावे ६५४ आहेत. उरलेला १.२ हा दोघांच्याही नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज आहे. जनगणनेचे ६४० आणि अंदाजाचे ६५५ यांत १५ माणसांचा फरक, म्हणजे निव्वळ गळती हजारी २३. नोंदणीच्या दोन याद्यांवरून सुटलेल्यांचा अंदाज बांधण्याची ही रीत सी. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९मध्ये मांडली. तीही आपल्याच देशातल्या, कोलकात्याजवळच्या सिंगूरमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी तपासताना.

पण त्या १५च्या आत काय दडले आहे ते पाहा. खरोखर सुटलेली माणसे ३१ आहेत. १६ चुकीच्या नावांनी त्यांची निम्मी जागा भरून काढली, म्हणून निव्वळ फरक १५ दिसतो. सुटलेली ३१ कदाचित टोल्यावरची लहान मुले असतील आणि जास्तीची १६ मुख्य गावातल्या पक्क्या घरांतली. बेरजेत दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून कोणत्याही प्रदेशाचा फक्त निव्वळ दर सांगणे म्हणजे जमाखर्चाची फक्त शिल्लक सांगणे. गळती वेगळी आणि दुबार नोंद वेगळी दिली नसेल, तर अशा आकड्यावरून मोजणी चांगली झाली असे म्हणू नये.

सगळ्यात नाजूक काम मेळ घालण्याचे. जनगणनेच्या कागदावर ‘मंगरू’, वय ४०. पाहणीच्या कागदावर ‘बापू’, वय ४५. माणूस एकच. माडिया-गोंड घरात मराठी प्रगणकाने ऐकून लिहिलेले नाव दोन वेळा दोन तऱ्हेने उतरते. सून माहेरच्या नावाने एकीकडे आणि सासरच्या नावाने दुसरीकडे. वय तर पाचाच्या किंवा दहाच्या आकड्यावर टेकवण्याची सवयच आहे. आपल्या गटात समजा अशा बारा माणसांचा मेळ हुकला, म्हणजे ६००च्या जागी ५८८. मग अंदाज ६६८.६ होतो आणि निव्वळ गळती हजारी २३ वरून जवळपास ४३ वर जाते. एक माणूसही जास्त सुटलेला नाही, फक्त कागद नीट जुळले नाहीत. उलटही घडते. मेळ घालणारा घाईत असेल आणि ‘एवढे तर जुळतेच’ म्हणून पुढे जात असेल, तर खरी गळती झाकली जाते. म्हणून किती माणसांचा मेळ पहिल्या फेरीत बसला, किती पुन्हा घरी जाऊन बसला आणि किती शेवटपर्यंत अनिश्चित राहिले, हे तीन आकडे मला अंतिम दरापेक्षा जास्त सांगतात. अनिश्चितांचे प्रमाण गळतीच्या दराइतकेच असेल तर त्या दरावर फार भार टाकू नये.

दुसरी अडचण गणिताच्या मुळाशीच आहे. वरचे सूत्र तेव्हाच चालते, जेव्हा जनगणनेतून सुटणे आणि पाहणीतून सुटणे या गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतात. खेड्यात त्या असतात. पायवाटेने दीड तास लागणारा पाडा पहिल्याने सोडला, तर दुसराही सोडण्याचा संभव जास्त. घरयादीतच नसलेले शेतावरचे खोपट पाहणीच्या नकाशातही येत नाही, कारण गटाची हद्द त्याच नकाशावरून ठरलेली. मे महिन्यात पाहणी आली तर तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटेच जंगलात गेलेली माणसे तिलाही भेटत नाहीत. अशा वेळी दोघांनाही न सापडलेली माणसे १.२ नसून पंचवीससुद्धा असू शकतात, आणि दोन याद्यांमध्ये त्याचा मागमूस नसतो. चूक नेहमी एकाच दिशेने होते, गळती कमी दिसते. जो प्रदेश गाठायला अवघड, तिथे हा दर सगळ्यात जास्त फसवा.

तिसरी यादी असेल तर हे थोडे पकडता येते. लहान मुलांसाठी गावात अशी यादी असतेच, अंगणवाडीची नोंदवही. जनगणनेतून लहान बाळे सुटण्याचे प्रमाण जास्त असते हे जगभर दिसून आले आहे, तेव्हा या वहीचा उपयोग मोठा. अट एकच. प्रगणक म्हणून गेलेल्या गुरुजींनी फॉर्म भरताना तीच वही समोर ठेवलेली नसावी. बऱ्याच ठिकाणी ती ठेवलेली असते, ‘सगळी माहिती यात आहेच’ म्हणून. मग तिसरी यादी ही पहिल्या यादीची नक्कल ठरते आणि तिचा मेळ शंभर टक्के बसतो. इतका सुंदर मेळ दिसला की शंका घ्यावी.

आता मिरचीकडे परत येऊ. जनगणनेचा नियम असा होता: माणूस ९ ते २८ फेब्रुवारीत एक दिवस तरी आपल्या नेहमीच्या घरी असणार असेल, तर त्याला तिथे मोजायचे. तो सगळा काळ बाहेर असेल तर त्याला घरी मोजायचे नाही. ज्या गावात तो त्या काळात सापडेल तिथे मोजायचे. म्हणजे जानेवारीअखेर खम्ममकडे गेलेले आणि मार्चमध्ये परतलेले कुटुंब गडचिरोलीच्या गणनेत येतच नाही. नियमानेच येत नाही. ते तिकडच्या शेताच्या बांधावर ताडपत्रीच्या झोपडीत मोजले जायला हवे. तिकडचा प्रगणक तेलुगूत विचारतो, झोपड्या त्याच्या घरयादीत नाहीत, शेतमालकाला ही माणसे आपल्या गावची वाटत नाहीत. कुटुंब सुटले तर गळती खरी आहे. पण ती गळती तिथल्या गटाची, म्हणून तिथल्या प्रदेशाच्या खात्यात. आपली पाहणी राष्ट्रीय पातळीवर आणि विभागवार निष्कर्ष देते. महाराष्ट्र पश्चिम विभागात, तेलंगण दक्षिण विभागात. म्हणजे गडचिरोलीची माणसे सुटली तर, नोंदलीच गेली तर, ती दक्षिण विभागाची गळती म्हणून. तीही तो विशिष्ट गट नमुन्यात आला आणि पाहणी होईपर्यंत रिकाम्या झालेल्या जागेवर कुणाला तरी त्या झोपड्या आठवल्या तरच.

इकडे गावात उलटा घोटाळा होतो. जून-जुलैत पाहणीचा माणूस येतो तेव्हा कुटुंब घरी असते. ‘इथेच राहता ना?’ ‘हो.’ जुन्या यादीत नाव नाही, लिहा गळती. त्या माणसाने फेब्रुवारीच्या वीस दिवसांचा हिशेब विचारला नाही, तर नियमाने बाहेर असलेले कुटुंब सुटलेले म्हणून धरले जाते आणि जिल्ह्याची गळती फुगते. याउलट कुठे प्रगणकाने मागे राहिलेल्या म्हातारीला विचारून सगळे घर लिहून घेतलेले असते. रेशनकार्डावरून नाव जाईल ही भीती सगळ्यांनाच असते आणि ती गैरसमजातून आलेली असली तरी खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. मग ते कुटुंब गडचिरोलीत जास्तीचे मोजले गेले. एकाच हंगामी स्थलांतरातून एकाच तालुक्यात नियमाने गैरहजेरी, खोटी गळती आणि खोटी जादा नोंद, तिन्ही निघतात. मेळघाटच्या ढाण्यांतून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्यांचे आणि यवतमाळच्या तांड्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांचे असेच.

आश्रमशाळांची गोष्ट जरा वेगळी. फेब्रुवारीत शाळा भरलेली असते, मुले वसतिगृहात, त्यांची नोंद तिथे व्हायची. पण घरी आईला ‘मुले किती’ विचारले की ती चार सांगणार, दोनच घरी आहेत असे कशाला सांगेल? मुलगा दोनदा मोजला गेला. अशी दुबार नोंद सापडायची तर चाळीस किलोमीटरवरच्या शाळेच्या यादीत शोधायला हवे. अशा पाहण्यांत शोध बहुधा निवडलेल्या गटापुरता आणि फार तर शेजारच्या गटापर्यंत जातो, आणि वसतिगृहासारखी संस्थात्मक कुटुंबे सहसा पाहणीतून वगळलेली असतात. पाहणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आली तर मुलगा घरीच सापडतो, मेळ बसतो, सगळे ठीक दिसते. दूरवरची दुबार नोंद या पद्धतीला जवळजवळ दिसतच नाही. येती जनगणना मोबाइलवर होणार आहे, नोंदी संगणकात असतील. तेव्हा निदान जिल्ह्याच्या हद्दीत घर आणि वसतिगृह यांची ताडणी करता येईल. ते काम कुणाकडे तरी नेमून द्यायला हवे, नाहीतर यंत्र आहे म्हणून ते आपोआप होणार नाही.

मग जिल्ह्याचा दर का देत नाहीत? लपवाछपवी नाही, नमुनाच पुरत नाही. समजा देशभरात चार हजार गट निवडले. २०११ला गडचिरोलीची लोकसंख्या १०,७२,९४२ होती, देशाच्या साधारण ११०० माणसांत एक. तिच्या वाट्याला तीन-चार गट येतील. गटागटांत निव्वळ गळती फार वेगवेगळी असते. कुठे शून्य, कुठे अख्खा टोला सुटलेला. हा चढउतार पाच टक्क्यांचा धरला, तर चार गटांवरून काढलेल्या जिल्ह्याच्या दराला अधिक-उणे पाच टक्क्यांची अनिश्चितता येते. दर दोन टक्के निघाला तर खरा दर सात टक्के गळती ते तीन टक्के जादा मोजणी यांत कुठेही. अधिक-उणे एक टक्क्यावर यायचे तर जिल्ह्यात शंभर गट लागतात. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांना मिळून ३,६००. एका राज्यातच देशाचा जवळजवळ सगळा नमुना संपला. अमेरिकेतही २०२०च्या जनगणनेनंतरच्या पाहणीने राष्ट्र आणि राज्ये एवढ्यांचेच अंदाज दिले, त्याखालच्या काउंट्यांचे नाहीत. तिथे देशाची निव्वळ गळती ०.२४ टक्के, म्हणजे शून्यापासून वेगळी म्हणता येणार नाही एवढी. पण राखीव क्षेत्रांत राहणाऱ्या मूलनिवासींची गळती ५.६४ टक्के होती. सरासरी कुणाला झाकते ते यात दिसते. आणि हेही दिसते की जिल्हा मोजता आला नाही तरी समूह मोजता येतो.

आपल्याकडे २०११चा राष्ट्रीय निव्वळ गळती दर हजारी २३ होता. २००१लाही २३, १९६१ला तो ७ होता. हा दर गडचिरोलीच्या आकड्याला लावला तर साधारण २५ हजार माणसे ‘गळालेली’ निघतात. असा हिशेब कुणी भाषणात मांडला तर ऐकायला दणदणीत वाटेल, पण तो हिशेब नव्हे. त्या पंचवीस हजारांत गडचिरोलीची स्वतःची अशी एकही माहिती नाही. मुंबईच्या बंद फ्लॅटची आणि दिल्लीच्या भाड्याच्या खोलीची गळती त्यात मिसळलेली आहे. शहरी गळती ग्रामीण गळतीपेक्षा जास्त असते हे आपल्याच पाहण्यांनी दाखवले आहे. विभागाचा ग्रामीण दर लावला तर जरा बरे, तरीही तो कोकण, सौराष्ट्र आणि मेळघाट यांचा एकत्र काढा आहे.

दुसरीकडे सरकारी बाजूची सवयही बरोबर नाही. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावोगावची लोकसंख्या एककापर्यंत अचूक छापलेली असते. पाहणीचा दर वेगळ्या अहवालात येतो, पुष्कळ उशिरा, आणि मूळ आकडे त्याने बदलत नाहीत. न बदलणे मला मान्य आहे. चार गटांच्या जोरावर जिल्ह्याचा आकडा वर-खाली करणे म्हणजे माहीत असलेल्या चुकीच्या जागी माहीत नसलेली चूक आणणे. पण आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष लावणारा अधिकारी २,९४० हा आकडा पाहतो तेव्हा त्याला एवढे तरी दिसायला हवे की या आकड्याला धार नाही. अन्न सुरक्षा कायद्याचे लाभार्थीही २०११च्या गणनेवरच ठरले आहेत. आकडा जुना होत गेला, त्याच्या जन्मजात चुकीचा उल्लेख कुठेच नाही.

म्हणून मागायचे ते हे. नमुना निवडताना राज्यांच्या हद्दींबरोबर स्थलांतराचा पट्टाही एक स्तर म्हणून घ्यावा: गडचिरोली-चंद्रपूरचा दक्षिण भाग, मेळघाट, यवतमाळ-वाशिमचे तांडे आणि पोड, आणि त्यांच्यासारखे देशातले इतर पट्टे. अशा दीड-दोनशे गटांतून जिल्ह्याचा दर निघणार नाही, पण ‘हंगामी स्थलांतराच्या ग्रामीण भागाचा दर’ निघेल, एखाद-दीड टक्क्याच्या अनिश्चिततेत. तो निव्वळ न देता गळती, दुबार आणि अनिश्चित अशा तीन रकान्यांत द्यावा. पाहणीच्या फॉर्मवर प्रत्येक न जुळलेल्या माणसामागे मोजणीच्या काळातला पत्ता, गाव-मंडळ-जिल्ह्यासह, लिहावा आणि त्यातले काही पत्ते शेजारच्या राज्याच्या नोंदींत प्रत्यक्ष शोधावेत. सगळे शोधणे परवडणार नाही. पाचात एक शोधला तरी गळती कुणाच्या खात्यातली ते कळेल.

आणि एक काम चार्ज अधिकाऱ्याच्या, म्हणजे तहसीलदाराच्या हातातले आहे, त्याला दिल्लीची परवानगी लागत नसावी. प्रत्येक गणना गटात मोजणीच्या अखेरीस कुलूपबंद राहिलेल्या घरांची संख्या प्रगणकाला ठाऊकच असते. पर्यवेक्षकाने सहा प्रगणकांची ती संख्या एका ओळीत लिहून ठेवली आणि ती तालुकावार जाहीर झाली, तर लोकांपुढे जिल्ह्याच्या हद्दीतला एक खरा आकडा येईल. तो गळतीचा दर नव्हे, कारण कुलूपामागची माणसे दुसरीकडे मोजली गेलेली असू शकतात. पण सिरोंच्यात हजार घरांमागे किती कुलपे आणि वरोऱ्यात किती, एवढी तुलना त्यातून होते, आणि पुढच्या पाहणीचे गट कुठून उचलायचे तेही त्यावरूनच ठरवता येते.